कपॅसिटर बदलला आणि बक कन्व्हर्टर डोलू लागला

१२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा, ३०० किलोहर्ट्झवर चालणारा एक साधा बक कन्व्हर्टर घेऊ. कॉइल १० मायक्रोहेन्री, आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. सगळे सुरळीत चालू असते. मग कुणीतरी रिपल कमी करायला तेवढ्याच क्षमतेचे सिरॅमिक बसवतो आणि आउटपुटवर सुमारे २० किलोहर्ट्झची लाट दिसू लागते. चांगला कपॅसिटर घातल्यावर असे का व्हावे?

ड्युटी सायकलपासून आउटपुटपर्यंत

मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सरासरीच्या पद्धतीत स्विचिंगची खडखड बाजूला ठेवून फक्त लहान, सावकाश बदल पाहतात. ड्युटी किंचित हलवली तर आउटपुट किती हलेल, याचे उत्तर असे येते:

```
Gvd(s) = Vin (1 + s/wz) / (1 + s/(Q w0) + s²/w0²)
w0 = 1/√(LC),   wz = 1/(ESR·C)
```

छेदातली जोडी म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरचा रेझोनन्स, इथे ५ किलोहर्ट्झला. त्याच्या पुढे फेज झपाट्याने उणे १८० अंशांकडे जातो. अंशातला झिरो त्याला परत वर उचलतो, आणि तो येतो कपॅसिटरच्या अंतर्गत रोधातून, म्हणजे ईएसआरमधून.

घात इथे झाला

इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर ८० मिलिओहम धरला तर झिरो २० किलोहर्ट्झला पडतो. ३० किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला त्याच्याकडून ५६ अंश फुकट मिळत होते. त्या भरवशावर टाइप-२ कॉम्पेन्सेटर ४५ अंशांच्या आसपास फेज मार्जिन राखून होता. सिरॅमिकचा ईएसआर ३ मिलिओहम, त्यामुळे झिरो गेला ५३० किलोहर्ट्झला. क्रॉसओव्हर २२ किलोहर्ट्झपर्यंत उतरला आणि मार्जिन शून्याच्याही खाली गेले. लूप डोलणारच.

टाइप-३ ची निवड

आता हरवलेला फेज कॉम्पेन्सेटरनेच द्यायला हवा. टाइप-३ मध्ये मूळ इंटिग्रेटरखेरीज दोन झिरो आणि दोन पोल असतात. दोन्ही झिरो रेझोनन्सवर, ५ किलोहर्ट्झला ठेवले; दोन्ही पोल स्विचिंगच्या निम्म्यावर, १५० किलोहर्ट्झला. ३० किलोहर्ट्झला हिशेब असा: इंटिग्रेटर उणे ९०, झिरो अधिक १६१, पोल उणे २३. म्हणजे ४८ अंशांची वाढ, आणि मार्जिन ५० च्या थोडे वर.

गेनही जुळवावा लागतो. पीडब्ल्यूएमचा रॅम्प १.५ व्होल्टचा असेल तर प्लांटचा डीसी गेन ८. ३० किलोहर्ट्झला तो ०.२३ उरतो. म्हणून तिथे कॉम्पेन्सेटरने ४.४ पट द्यायचे.

बाकावर पडताळणी

सिरॅमिकवर लिहिलेली क्षमता खरी मानू नका. डीसी व्होल्टेजखाली ती घटते; १०० चे ६० मायक्रोफॅरड उरले तर रेझोनन्स ६.५ किलोहर्ट्झला सरकतो. डेटाशीटमधल्या ५ व्होल्टवरच्या आकड्यानेच झिरो ठरवावेत.

मग लोड ०.५ वरून २ अँपिअरवर झटक्यात न्या आणि स्कोप पाहा. एकदाच खचून आउटपुट जागेवर आले तर ठीक. चार-पाच हेलकावे खाल्ले तर मार्जिन तुटपुंजे आहे, आणि हेलकाव्यांची वारंवारता मोजली की क्रॉसओव्हर साधारण कुठे आहे तेही कळते.