व्यंगचित्रकाराने संपादकाला द्यायचा परिचय

संपादकासाठी लिहिलेल्या व्यंगचित्रकाराच्या परिचयात पुरस्कारांच्या आधी शैली यावी. नुसते ‘विनोदी शैली’ म्हटल्याने काहीच कळत नाही. शि. द. फडणीसांची चित्रे बहुधा शब्दांवाचून हसवतात, आर. के. लक्ष्मण यांचे पॉकेट कार्टून चित्राखालच्या ओळीसह वाचायचे असते. आपले काम कुठल्या बाजूचे, रेषा ब्रशची की पेनाची, एवढे सांगितले की संपादकाला पानावरची जागा दिसू लागते.

विषयही नेमके हवेत. ‘सामाजिक’ या शब्दात काहीही मावते. ‘सोसायटीची सभा, एसटीचा प्रवास, लग्नातले मानपान’ यांत चित्रकार दिसतो.

खरी गफलत होते ती कामाच्या अटींत. दिवाळी अंकाची चित्रे काही महिने आधी ठरतात. दैनिकात बातमी संध्याकाळी येते आणि चित्र त्याच रात्री लागते. दुसरे जमत नसेल तर तसे लिहावे. कच्चे रेखाटन मंजूर झाल्यावर किती बदल करून मिळतील, मानधन एकदाच छापण्याचे की पुनर्मुद्रणाचेही, मूळ चित्र कोणाकडे राहणार, हेही स्पष्ट असावे. पक्षप्रचाराची कामे घेत नसल्यास ती ओळ संकोचाने गाळू नये. दोघांचाही वेळ वाचतो.