साठीची सोय पस्तिशीत

निवृत्तीसाठी पैसे साठवायचे म्हणजे पहिल्या पगारापासून शेवटच्या पगारापर्यंत दरमहा काहीतरी बाजूला टाकत राहायचं, हा आपल्याकडचा रुळलेला हिशोब. अमेरिकेत लवकर आर्थिक स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या मंडळींनी तो जरा वेगळ्या पद्धतीनं मांडला आणि त्याला ‘कोस्ट एफआय’ असं नाव दिलं. कमाईच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत पोटाला चिमटा काढून एवढी गुंतवणूक करायची, की पुढे त्यात एक रुपयाही न घालता ती साठीपर्यंत आपोआप पुरेशी वाढेल. त्यानंतरही काम करायचंच, पण चालू खर्च भागेल एवढंच.

म्हणजे ही लवकर निवृत्ती नव्हे. चाळिशीत नोकरी सोडून घरी बसायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत हे जमतं. मात्र ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे एकदा कागदावर मांडून बघायला हवं.

समजा, पुण्यात आयटीत काम करणारी पस्तीस वर्षांची एक बाई आहे. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, महिन्याचा खर्च ५० हजार. साठाव्या वर्षी थांबायचं आणि तेव्हाही आजच्यासारखंच राहायचं, अशी तिची इच्छा. वर्षाचा खर्च ६ लाख. साठीनंतर तो गुंतवणुकीतून काढायचा, तर एकूण रक्कम त्याच्या किती पट हवी? विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागारानं १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून दाखवलं, की पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तरी पैसे तीस वर्षं टिकतात. म्हणजे खर्चाच्या २५ पट. आपल्याकडे महागाई जास्त आणि हा अभ्यास परदेशी बाजाराचा, म्हणून मी ३० पट धरते. ६ लाख गुणिले ३०, म्हणजे १ कोटी ८० लाख.

ही रक्कम आजच्या रुपयांतली आहे, हे लक्षात ठेवायचं. महागाई हिशोबात घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे परताव्यातून ती आधीच वजा करणं. महागाई ६ टक्के आणि बहुतांश शेअर, थोडे रोखे अशा गुंतवणुकीचा परतावा १० टक्क्यांच्या आसपास धरला, तर खरी वाढ साधारण ४ टक्के. वर्षाला ४ टक्क्यांनी पंचवीस वर्षांत पैसे सुमारे २.६७ पट होतात. १ कोटी ८० लाखांना त्यानं भागलं की येतात साडेसदुसष्ट लाख. पस्तिशीत एवढे पैसे गुंतवलेले असतील, तर निवृत्तीसाठी आणखी बचत करायची गरज नाही.

हे साडेसदुसष्ट लाख जमतात कसे? तेविसाव्या वर्षी महिना १६ हजारांची एसआयपी सुरू केली, दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवला आणि परतावा १० टक्के मिळाला, तर बारा वर्षांत सुमारे ६८ लाख होतात. शेवटच्या वर्षी हप्ता पंचेचाळीस हजारांवर गेलेला असतो. आईवडिलांच्या घरी राहून, गाडी न घेता हे जमू शकतं. तेविशीतच घरची जबाबदारी अंगावर पडलेल्याला जमणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

या गणितातला सगळ्यात नाजूक आकडा म्हणजे तो ४ टक्के. खरी वाढ ३ टक्केच मिळाली, तर आज ८६ लाख लागतात. ५ टक्के मिळाली, तर ५३ लाख पुरतात. आणि सगळे पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर खरी वाढ जेमतेम एक टक्का. मग पस्तिशीतच १ कोटी ४० लाखांच्या घरात रक्कम लागते, तीही व्याजावरचा कर न धरता. म्हणून ही योजना शेअर बाजाराशिवाय जवळजवळ अशक्य आहे, आणि बाजार वेळापत्रक पाळत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता. पाच वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्येही तो त्याच्या खालीच होता. जपानच्या निक्केईला डिसेंबर १९८९ ची पातळी पुन्हा ओलांडायला २०२४ साल उजाडलं.

म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वही उघडावी लागते. आपल्या उदाहरणातल्या बाईकडे चाळिशीत, त्या वेळच्या रुपयांत, सुमारे १ कोटी १० लाख असायला हवेत. बाजार पडलेला असल्यामुळे ९० लाखच निघाले, तर? थांबायचं वय साठावरून पासष्टवर न्यायचं, नाहीतर महिना साधारण साडेबारा हजारांची गुंतवणूक पुन्हा सुरू करायची आणि महागाईबरोबर ती वाढवत न्यायची. पगार मोठा असताना हे सोपं असतं, पण आता तर तिनं काम कमी केलेलं असतं.

माझ्या मते खरी चूक बाजारापेक्षा खर्चाच्या अंदाजात होते. पस्तिशीचा ५० हजारांचा खर्च कायम तेवढाच राहील, असं मानून गणित केलेलं असतं. पुढे मूल होतं, शाळा महाग निघते, आईवडिलांकडे मदतनीस ठेवावी लागते. राहणीमान महिना फक्त १० हजारांनी वाढलं आणि म्हातारपणीही तसंच राहणार असेल, तर पस्तिशीतच साडेतेरा लाख जास्त हवे होते. वाढलेला खर्च दोन्हीकडून मारतो: आज जास्त कमवावं लागतं आणि साठीचं लक्ष्यही लांब जातं.

कमी पगाराचं काम निवडतानाही ‘खर्च ५० हजार, मग कमाई ५० हजार’ एवढं पुरत नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. कुटुंबाची पॉलिसी स्वतः घ्यायची, तीही नोकरी सोडण्याआधी, कारण आधीच्या आजारांना बहुतेक पॉलिसींत काही वर्षांची प्रतीक्षा असते. मोडलेलं यंत्र, गळकं छत, लग्नाचा आहेर हे सगळं याच कमाईतून. तिला हातात किमान ६५ हजार यायला हवेत. आणि ते वेळेवर. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याची कल्पना छान वाटते, पण मानधन काही महिने रखडलं की हात गुंतवणुकीकडे जातो. त्यासाठी सहा महिन्यांचा खर्च वेगळा, बँकेत ठेवलेला हवा. पस्तिशीत गुंतवणुकीतून पाच लाख काढले, तर साठीला आजच्या रुपयांत तेरा लाखांहून जास्त कमी पडतात.

मुलांच्या शिक्षणाची रक्कमही यात धरलेली नाही. ती वेगळी साठवायची, नाहीतर अठराव्या वर्षी पहिली कुऱ्हाड निवृत्तीच्या पैशांवर पडते.

ज्यांचं कर्ज फिटलंय, विमा स्वतःचा आहे आणि जोडीदारही कमावता आहे, त्यांना ही वाट खरोखर परवडते. गृहकर्जाचे पंधरा वर्षांचे हप्ते बाकी असताना मात्र कमी पगाराची नोकरी पत्करू नका. आधी कर्ज संपवा, मग हा हिशोब मांडायला बसा.