‘सोबत जायला कोणी नाही’ हे उत्तर कुठल्या खान्यात?

‘मुलीची शाळा का सुटली?’ या प्रश्नाखाली पर्याय दिलेले नसले की लोक आपल्या भाषेत बोलतात. ‘हायस्कूल लांब आहे, सोबत जायला कोणी नाही.’ ‘घरी बघायला कोणी नाही.’ ‘आम्ही दोघं कामाला जातो, धाकटा हिच्यावरच असतो.’ अशी शेकडो उत्तरं सर्वेक्षणाच्या फॉर्मवर जमा होतात. ती मोजायची, तर आधी प्रत्येक उत्तर कुठल्यातरी खान्यात टाकावं लागतं. या कामाला कोडिंग म्हणतात आणि कुठलं उत्तर कुठे टाकायचं याचे नियम लिहिलेल्या कागदाला कोडबुक. पुढे अहवालात ‘इतके टक्के मुलींची शाळा घरकामामुळे सुटली’ असं छापून येतं, तेव्हा तो आकडा उत्तर देणाऱ्या आईचा जितका, तितकाच ते वाचून खाना ठरवणाऱ्या माणसाचाही असतो.

म्हणूनच तीच उत्तरं दोन माणसांना वेगवेगळी वाचायला देतात. दोघांनी एकमेकांशी न बोलता, एकमेकांचे कागद न बघता कोड द्यायचे आणि मग ते ताडून बघायचे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, उत्तरं 100 आहेत आणि खाने तीन: पैशांची अडचण, घरकाम व भावंडं सांभाळणं, आणि शाळेचं अंतर किंवा वाटेची भीती. दोन कोडर कामाला बसल्या. ताळा घेतल्यावर 79 उत्तरांना दोघींनी एकच कोड दिलेला निघाला. शंभरात 79 म्हणजे चांगलंच की, असं कोणालाही वाटेल. पण खाने तीनच असताना उत्तर न वाचता, डोळे मिटून कोड टाकले असते तरी काही उत्तरं जुळलीच असती. मग या 79 मधली समजून जुळलेली किती आणि आपोआप जुळलेली किती?

हा प्रश्न अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1960 साली एका शोधनिबंधात घेतला आणि त्यातून जे माप दिलं, ते ‘कप्पा’ या ग्रीक अक्षराच्या नावाने ओळखलं जातं. त्यामागचा विचार सरळ आहे. योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते आधी वजा करायचं, आणि त्यानंतर जुळायला जेवढी जागा शिल्लक राहते, त्यातली किती जागा कोडरांनी खरोखर भरली ते बघायचं.

आपल्या उदाहरणात पहिलीने 40 उत्तरं पैशांच्या खान्यात टाकली, 35 घरकामात, 25 अंतरात. दुसरीने 40, 25 आणि 35. दोघींनी याच प्रमाणात, पण उत्तर न वाचता कोड टाकले असते, तर पैशांच्या खान्यात दोघींची गाठ पडण्याची शक्यता 0.40 गुणिले 0.40, म्हणजे 0.16. घरकामात 0.35 गुणिले 0.25, म्हणजे 0.0875. अंतरातही तेवढीच. बेरीज 0.335. म्हणजे साडेतेहतीस उत्तरं नुसत्या योगायोगाने जुळली असती. उरलेल्या साडेसहासष्टांपैकी प्रत्यक्षात जुळली 79 वजा 33.5, म्हणजे साडेपंचेचाळीस. 45.5 भागिले 66.5 केलं की कप्पा येतो 0.68. सगळं जुळलं असतं तर तो 1 आला असता, योगायोगाइतकंच जुळलं असतं तर 0, आणि त्याहूनही कमी जुळलं तर तो शून्याच्या खाली जातो.

मग 0.68 चांगला की वाईट? लँडिस आणि कॉक या दोन संशोधकांनी 1977 मध्ये एक पट्टी दिली होती, तिच्यात 0.61 ते 0.80 ला ‘भरीव’ एकमत म्हटलं आहे. आजही अनेक अहवालांत तेवढा एक शब्द चिकटवून विषय संपवला जातो. मात्र या सीमारेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत, हे त्या दोघांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. शिवाय 100 उत्तरांवरचा कप्पा तसा डळमळीतच. नमुन्यातला चढउतार धरला, तर आपला 0.68 साधारण 0.56 ते 0.80 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो.

खरी माहिती त्या आकड्यात नसते. ती असते न जुळलेल्या 21 उत्तरांत, आणि इथेच कागद पुन्हा हातात घ्यावे लागतात. पहिलीचे कोड आडव्या ओळींत आणि दुसरीचे उभ्या रकान्यांत मांडले, की एका चौकटीवर नजर थांबते: पहिलीने ‘घरकाम’ म्हटलेली 11 उत्तरं दुसरीने ‘अंतर’ मध्ये टाकली आहेत. उलट दिशेने अशी उत्तरं दोनच. निम्म्याहून जास्त मतभेद एकाच जागी साठले आहेत. ती अकरा उत्तरं काढून वाचली, तर सगळ्यांत ‘कोणी नाही’ हे शब्द आहेत. ‘घरचं कोणी नाही सोबत जायला.’ पहिलीने त्यात घरात माणूस कमी असल्याचं ऐकलं, दुसरीने एकटीने चालायच्या वाटेचं. यात निष्काळजी कोणीच नाही. कोडबुकातच त्या वाक्यासाठी नियम नव्हता.

आता तो लिहायचा: माणूस कशासाठी नाही ते बघावं. सोबतीसाठी नसेल तर कोड ‘अंतर’, घर किंवा लहान मूल सांभाळायला नसेल तर ‘घरकाम’, आणि कशासाठी ते कळतच नसेल तर वेगळा ‘अस्पष्ट’ कोड. नियम झाल्यावर त्याच शंभर उत्तरांवर पुन्हा कप्पा काढणं ही फार प्रचलित चूक आहे. ज्या उत्तरांवर बोलणं झालं ती आता जुळणारच. ताजी, न वाचलेली उत्तरं घेऊन, पुन्हा वेगवेगळं बसून कोडिंग केलं तरच नियम चालतो की नाही ते कळतं.

क्वचित येणाऱ्या कारणांबाबत कप्पा आणखी एक गोष्ट उघड करतो. समजा, ‘लग्न ठरलं’ हे कारण प्रत्येकीला 100 पैकी 5 उत्तरांत दिसलं. त्यांतली दोनच समान, बाकी तीन-तीन वेगळी. 92 उत्तरांत ते दोघींनाही दिसलं नाही, म्हणून एकमत 94 टक्के. कप्पा मात्र फक्त 0.37. हे माप अन्याय करतं, अशी तक्रार अभ्यासकांत जुनी आहे. दुर्मीळ कोडवर ते कठोर होतं, हे खरंच. पण इथे ते बरोबर बोट ठेवतं. लग्नाचं कारण निदान एकीला तरी दिसलेली उत्तरं आठ, आणि त्यांतल्या दोनच ठिकाणी दोघी सहमत. उरलेली 92 उत्तरं एकमताचा आकडा फुगवतात, लग्नाबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून सगळ्या खान्यांचा मिळून एकच कप्पा न देता प्रत्येक कोडचा स्वतंत्र काढावा आणि सोबत उत्तरांची संख्याही द्यावी. एका उत्तरात दोन कारणं येत असतील, तर प्रत्येक कोड ‘आहे-नाही’ असा वेगळा मोजण्यावाचून गत्यंतरच नाही, कारण कोहेन यांचं माप एका उत्तराला एकच कोड गृहीत धरतं.

आणि एक मर्यादा कुठल्याही सूत्राने हटत नाही. दोघींनी एकाच ठिकाणी प्रशिक्षण घेतलं असेल आणि दोघींना ‘सोबत’ हा शब्द एकाच चुकीच्या अर्थाने कळला असेल, तरी कप्पा उत्तमच येईल. तो एकमत मोजतो, खरेपणा नाही.

आपल्या उदाहरणात पहिलीचे कागद अहवालात गेले, तर घरकामामुळे शाळा सुटलेल्या मुली 35 टक्के आणि अंतरामुळे सुटलेल्या 25 टक्के. दुसरीचे गेले, तर नेमकं उलट. पहिला अहवाल वाचणारा गावात पाळणाघर मागेल, दुसरा वाचणारा एसटीची फेरी मागेल. दोन्हींच्या मागे तीच शंभर उत्तरं आहेत.