घरी न आलेल्या मालाचे पैसे

ऊसनोंदीसाठी बांधावर बसलो की गोष्टी उसाच्याच निघतात असे नाही. पाथरी तालुक्यातील आमच्या एका सभासदाने परवा आमच्यापुढे मोबाईलच धरला. शनिवारी रात्री त्यांच्या खात्यातून आधी १८,४९९ आणि लगेच ५,००० रुपये गेल्याचे मेसेज होते. घरात कोणी काही मागवलेले नव्हते. मुलाने ऑनलाईन दुकानाचे खाते उघडून पाहिले, तर एक मोबाईल परराज्यातल्या पत्त्यावर निघालेला आणि पाच हजारांचे गिफ्ट व्हाउचर घेतलेले.

"ओटीपी तर आम्ही कुणालाच सांगितला नाही, साहेब," ते म्हणाले. खरेच होते ते. दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान यादी' नावाची फाईल आली होती, ती त्यांनी दाबली. त्यातून फोनमध्ये एक ॲप बसले आणि आलेला प्रत्येक मेसेज ते चोराकडे धाडू लागले. दुकानाच्या खात्यात शिरायला ओटीपी लागतो, तो चोराला मिळाला. कार्ड तिथे आधीच जपून ठेवलेले होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाला कार्डाचा खरा नंबर ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन असते, हे बरे झाले. पण असे जपलेले कार्ड असले की पुष्कळ ठिकाणी मागचा तीन आकडी नंबरही विचारत नाहीत. ओटीपी हाती असला की काम झाले.

अशा वेळी माणूस घाईने आधी कार्ड काढायला जातो, तेही त्याच फोनवरून. इथेच चुकते. मेसेज चोराकडे जात असताना पासवर्ड बदलला तर त्याचा ओटीपीही त्यालाच मिळणार. म्हणून आधी फोनचे नेट बंद करून सिमकार्ड काढावे आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद करावे. तक्रारीचा नंबर आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. त्यानंतर १९३० वर फोन करावा. कारण तक्रार नोंदल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेवर येते. आमच्या सभासदांनी रात्रीच फोन केला, हे शहाणपणाचे झाले.

मग दुसऱ्या फोनवरून दुकानाचे खाते उघडावे. ऑर्डरचा नंबर, रक्कम, चोराचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट आधी काढावेत, पुढे तोच पुरावा. पासवर्ड बदलून सगळीकडून लॉग आउट करावे. त्यानंतर Saved Cards मध्ये जाऊन कार्ड काढावे, नवा घुसवलेला पत्ता आणि अनोळखी फोन नंबरही काढावा. बँकेकडेही कोणत्या दुकानात आपले टोकन आहे ती यादी असते, तेथूनही ते काढून घ्यावे. नवीन कार्ड आले म्हणजे जुनी जोडणी आपोआप तुटली असे धरू नये. बाधित फोन रिसेट केल्याशिवाय त्यात सिम घालू नये.

मोबाईल अजून रवाना झाला नव्हता, तो रद्द झाला. रद्द करताना दुकान विचारते, पैसे वॉलेटमध्ये हवेत की मूळ कार्डावर? मूळ कार्डच सांगावे. वॉलेटमध्ये आले की खाते पुन्हा चोराच्या हाती गेल्यास तेही जातात. १८,४९९ रुपये आठवड्याने परत आले. व्हाउचर मात्र पहाटेच वापरले गेले होते.

त्या पाच हजारांसाठी सोमवारी शाखेत लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. दिवस मोजताना मेसेज आलेला दिवस धरत नाहीत आणि आपल्या शाखेचे कामकाजाचे दिवस धरतात. म्हणजे शनिवारच्या मेसेजला सोमवार, मंगळवार, बुधवार. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर दहा हजारांपर्यंत भार ग्राहकावर पडू शकतो. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, असा तो नियम आहे.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारले, "फाईल तुम्हीच दाबली ना?" प्रश्न गैरलागू नव्हता. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर तक्रारीआधीचे नुकसान त्याचेच. पण तो सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. म्हणून अर्जात "ओटीपी दिला" असे मोघम न लिहिता, "ओटीपी कोणास सांगितला नाही, ॲपने मेसेज परस्पर वाचले" असे घडले तसे लिहावे, फाईलचा स्क्रीनशॉट जोडावा आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पाच हजार तात्पुरते जमा झाले आहेत, निकाल अजून यायचा आहे. त्या पैशांतून खोडव्याला खत घ्यावे का, असे त्यांनी आम्हांस विचारले. नको म्हणालो. निकाल उलटा लागला तर बँक ते खात्यातून परत वळते करून घेईल.