टिंबानंतरचे तीन आकडे

म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, मुरूड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस आखातात असतो, आणि त्याचं तिकीट बहुधा गावच्याच बाजारपेठेत काढलेलं असतं. म्हणून रजा संपवून कुवेतला परतलेल्या माणसाची बॅग विमानतळावरच्या पट्ट्यावर आली नाही, तर तक्रारीचं काम फिरून किनाऱ्यावरच येतं. तो तिकडून फोटो पाठवतो: सामान न मिळाल्याच्या नोंदीचा कागद, बॅगेच्या टॅगचा तुकडा आणि नाइलाजाने घेतलेल्या कपड्यांची पावती. इकडे भाऊ तो फोन घेऊन झेरॉक्स आणि तिकिटांच्या दुकानात जातो आणि तिथला अर्ज लिहिणारा विमान कंपनीला मेल लिहायला बसतो. बाहेरच्या माणसाला हे टंकलेखनाचं काम वाटतं. मला ते वाचनाचं काम वाटतं. दोन बोटांनी फोटो मोठा करून एकाच रकमेवर थांबणं, टिंब कुठे आहे आणि त्याच्या उजवीकडे किती आकडे आहेत हे पुन्हा पाहणं, या क्षणी तक्रार तरते किंवा बुडते. मेलची इंग्रजी भाषा किती चांगली आहे, झालेला मनस्ताप किती परिणामकारक मांडला आहे, याचा वाटा त्यात फार थोडा असतो.

टिंबाचं कारण साधं आहे. कुवेती दिनारचे शंभर नव्हे, हजार फिल्स होतात. त्यामुळे तिथल्या पावतीवर टिंबानंतर तीन आकडे असतात. हाताने लिहिलेल्या अरबी आकड्यांत हे टिंब बऱ्याचदा स्वल्पविरामासारखं दिसतं, आणि आपल्या डोळ्याला स्वल्पविरामानंतरचे तीन आकडे म्हणजे हजार. एक नमुना मांडून पाहू. कपडे १८.७५० दिनार, बूट ९.५००, साबण, टॉवेल आणि दाढीचं सामान ४.२५०. बेरीज ३२.५००, म्हणजे साडेबत्तीस दिनार. हीच रक्कम मेलमध्ये ३२,५०० अशी गेली तर मागणी साडेबत्तीस हजार दिनारांची होते, रुपयांत ऐंशी लाखांच्या पुढे. कंपनीतला कारकून ती चूक सुधारून देत बसत नाही. त्याच्या दृष्टीने हा दावाच संशयास्पद ठरतो, आणि खऱ्या साडेबत्तीस दिनारांसाठीही पुढचे महिने खुलासे करत राहावं लागतं. यासाठी रकमेचं रुपयांत रूपांतर करूच नये. पावतीवर जे चलन आहे त्याच चलनात, तिन्ही दशांश स्थळांसह रक्कम लिहावी.

आकड्यांची रूपंही फसवतात. अरबी पाच हा वाटोळा असतो, आपल्या शून्यासारखा, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, जो फोटोत कागदावरचा डाग वाटू शकतो. अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. उर्दू शाळेत शिकलेला माणूस हे सहज वाचेल असं आपण धरून चालतो, पण उर्दूत चार, पाच, सहा आणि सात वेगळ्या वळणाने लिहितात, म्हणून तोही नेमका याच आकड्यांशी अडतो. पडताळा घ्यायचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे पावतीवरची बेरीज स्वतः करून पाहणं. प्रत्येक ओळ वाचून केलेली बेरीज खालच्या रकमेशी जुळली तर वाचन बरोबर आहे असं मानायला हरकत नाही. जुळली नाही तर अंदाज न लिहिता त्या पावतीचा नवा, सपाट आणि उजेडातला फोटो मागवावा.

तारीख याहून घातक. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे हाताने लिहिलेल्या तारखेत दिवस उजवीकडे आणि वर्ष डावीकडे येऊ शकतं. आपल्या नमुन्यातला प्रवासी ३ नोव्हेंबर २०२५ ला कुवेतला उतरला, ५ तारखेला त्याने कपडे घेतले आणि १४ तारखेला बॅग घरपोच आली. दुकानदाराने पावतीवर घातलेली तारीख आपल्याला २५/११/५ अशी दिसते, आणि डावीकडून वाचणारा ती २५ नोव्हेंबर समजतो. मग मेलमध्ये असं येतं की बॅग मिळाल्यानंतर अकरा दिवसांनी या माणसाने कपडे खरेदी केले. कंपनीला नकारासाठी एवढं पुरेसं आहे. तिने काही लपवलेलं नसतं. आपणच तिच्या हाती नकार दिलेला असतो.

तारखांना इतकं महत्त्व का, ते १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात आहे. भारत आणि कुवेत दोघेही या करारात आहेत आणि भारतात तो १९७२ च्या विमान वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातून लागू आहे. सामान उशिरा आलं तर ते ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडकं-फाटकं आलं तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मुदत चुकली की कंपनीची लबाडी सिद्ध केल्याखेरीज दावा उभा राहत नाही. नमुन्यातली बॅग ११ दिवस उशिरा आली आणि तिचं चाकही मोडलेलं होतं. म्हणजे एकाच बॅगेवर दोन घड्याळं चालू आहेत: चाकासाठी २१ नोव्हेंबर, उशिरासाठी ५ डिसेंबर. पुष्कळ जण सगळे कागद गोळा होईपर्यंत थांबतात आणि त्यात चाकाची मुदत निघून जाते. आधी मोडतोडीचा चार ओळींचा मेल पाठवावा आणि खर्चाचा तपशील नंतर त्याच संदर्भ क्रमांकावर द्यावा.

इथे पहिला आक्षेप येतो. विमानतळावर नोंद झाली, क्रमांक मिळाला, मग वेगळी तक्रार कशाला, कंपनीच्या संगणकात सगळं आहेच की. संगणकात असतं ते बॅग शोधण्यापुरतं. KWIXX12345 अशा धाटणीच्या त्या क्रमांकात पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची आणि मग पाच आकडे असतात. त्यामागे रंग, आकार, टॅगचा दहा आकडी क्रमांक, पत्ता असं सगळं असतं, पण माणसाचं नुकसान किती झालं हे नसतं. ही नोंद म्हणजे जबाबदारीची कबुली नव्हे, असं अनेक कंपन्या त्या कागदावरच छापतात. शिवाय ती ३ नोव्हेंबरची आहे, चाक मोडल्याचं कळलं १४ ला. त्या दिवशी आणखी एक कागद तयार झाला, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: सामान घरी आणून देणाऱ्याने सही घेतलेली पोच. तिच्यावर अरबीत छापलेली एखादी ओळ असते आणि माणूस ती न वाचता सही करतो. सामान सुस्थितीत मिळालं असा तिचा अर्थ असेल, तर ती मेलमध्ये झाकून चालणार नाही. तक्रार न करता सामान घेतलं तर ते चांगल्या स्थितीत पोचलं असं सकृद्दर्शनी धरलं जातं, असं करारच सांगतो. पण हे गृहीतक खोडता येतं, आणि त्याच दिवशी काढलेला चाकाचा फोटो आणि मुदतीतला मेल तेच करतात. म्हणून पोच वगळू नये. पावत्यांसारखं तिचंही भाषांतर जोडावं.

यावर दुसरा, अधिक वजनदार आक्षेप असा की प्रवाशाच्या बाजूने लिहिणाऱ्याने त्याच्या विरोधात जाणारा शब्द स्वतःहून का द्यावा? नोंदीच्या कागदावर बॅगेच्या रंगापुढे काळ्याचा संकेत BK पडला आहे आणि बॅग खरी निळी होती, तर भाषांतरात गुपचूप निळा लिहिला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं की मूळ कागद कंपनीकडे आहे. तिने दोन्ही शेजारी ठेवले की भाषांतरातला बाकीचा प्रत्येक आकडा संशयात येतो, आणि त्यात ते साडेबत्तीस दिनारही आले. भाषांतरात काळा असेल तर काळाच राहावा, रिकामा रकाना रिकामा, न वाचता आलेला शब्द न वाचता आलेला असं नमूद करून. त्यानंतर मेलच्या मजकुरात वेगळं वाक्य यावं: नोंद घेताना रंग चुकीचा पडला, बॅग निळी होती, सोबत फोटो. उलट ही चूक नीट दाखवली तर ती प्रवाशाच्या कामाची आहे, कारण चुकीच्या रंगामुळे बॅग जुळायला वेळ लागला असा मुद्दा त्याला मांडता येतो.

बॅगेतल्या वस्तूंच्या यादीतही हेच लागू आहे. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत सुकट असते, बोंबील असतात, आमसुलं असतात, आणि अकरा दिवस बंद राहिलेल्या बॅगेचा वास त्या कपड्यांतून सहजी जात नाही. सुकट लिहायची लाज वाटून लोक ती गाळतात आणि मग कपडे खराब का झाले हे सांगायला कारणच उरत नाही. नाशवंत वस्तूंची जबाबदारी घेत नाही, असं कंपन्या आपल्या अटींत लिहितात. वस्तूच्या अंगच्या गुणाने झालेल्या नुकसानीपुरती करारही त्यांना सूट देतो, पण कराराने घातलेली जबाबदारी नुसत्या छापील अटीने काढून टाकता येत नाही, हेही त्यातच आहे. माझं मत असं की सुकट यादीत असावी, वेगळ्या ओळीत, खऱ्या किमतीने. ती रक्कम मिळेल न मिळेल, कपड्यांच्या ओळीला मात्र आधार मिळतो.

आणि तो जुना आकडा: किलोला वीस डॉलर. एखादा जुना आखाती प्रवासी अजूनही खात्रीने सांगतो की बॅग गेली तर किलोला वीस डॉलर मिळतात, त्याहून जास्त मागू नका. हा आकडा खोटा नव्हता. १९२९ च्या वॉर्सा करारात भरपाई वजनावर होती आणि ती साधारण तेवढीच पडे. मॉन्ट्रियल करारात वजनाचा संबंध संपला. आता मर्यादा माणशी आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, आणि रुपयांत ही मर्यादा पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान येते. किलोला वीस डॉलर धरून चालणारा माणूस आधीच स्वतःचा दावा कापून ठेवतो. मात्र १,५१९ ही कमाल आहे, हक्काची ठोक रक्कम नव्हे. तेवढ्यापर्यंत जे सिद्ध होईल ते मिळतं, आणि सिद्ध होतं पावत्यांनी.

साडेबत्तीस दिनारांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा शेवटचा आक्षेप बहुतेक वेळा त्याच प्रवाशाकडून येतो. दमलेला असतो, कामावर रुजू झालेला असतो. पण त्याच्याकडून लागतं फार थोडं: पावत्यांचे स्वच्छ फोटो, बोर्डिंग पास, टॅगचा तुकडा, आणि भावाला आपल्या वतीने पत्रव्यवहाराचा अधिकार देणारं सही केलेलं साधं पत्र, कारण त्याशिवाय कंपनी तिऱ्हाइताला उत्तर देण्याचं नाकारू शकते. मेलच्या विषयात नोंदीचा क्रमांक आणि टॅगचा क्रमांक, मजकुरात तारखा क्रमाने, मग वस्तू आणि दिनार, शेवटी एक सरळ मागणी. कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा पुढच्या तिकिटावर सवलतीचं कूपन पुढे केलं, तर नकार लेखी मागावा. पुढच्या प्रवासाची सवलत घेण्याचं बंधन प्रवाशावर नाही, आणि न्यायालयात जायला त्याच्यापाशी विमान कुवेतला पोचल्यापासून दोन वर्षं आहेत.