नांदगावचा ३८४ बाजूंचा बहुभुज

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) परिघ आणि व्यास यांची दोन गुणोत्तरे आहेत: व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. दुसरे गुणोत्तर आर्यभटापासूनच (इ.स. ४९९) चालत आलेले होते. ते कसे मिळते, हे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ या लीलावतीच्या टीकेत उलगडून दाखवले.

त्यांनी १०० व्यासाच्या वर्तुळापासून सुरुवात केली. आतल्या षटकोनाची बाजू त्रिज्येइतकी, म्हणजे ५० असते. तिच्या निम्म्याचा, २५ चा, वर्ग त्रिज्येच्या वर्गातून वजा करून मूळ काढले की केंद्रापासून बाजूचे अंतर ४३.३०१ येते. ते ५० मधून वजा केल्यावर उरणारा ६.६९९ हा बाजू आणि कंस यांच्यातील शर. २५ आणि ६.६९९ यांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ २५.८८२ ही बारा बाजूंच्या बहुभुजाची बाजू होय. हीच कृती पुढे २४, ४८, ९६, १९२ आणि ३८४ बाजूंपर्यंत नेता येते.

आजच्या भाषेत ३८४ बाजूंच्या बहुभुजाची एक बाजू म्हणजे १०० × साइन ०.४६८७५°. ती ०.८१८११४ भरते आणि परिमिती ३१४.१५६ येते. येथे चूक शिरते ती दशांश लवकर तोडल्याने. बाजू ०.८१८ धरली, तर तीच चूक ३८४ पट होऊन परिमिती ३१४.११२ होते. म्हणून वर्ग जपून ठेवावेत आणि मूळ शेवटी काढावे. परिमितीचा वर्ग सुमारे ९८६९४ येतो.

आतला बहुभुज नेहमी वर्तुळापेक्षा लहान असतो. त्यामुळे त्याच्या परिमितीवरून पायची फक्त खालची सीमा, ३.१४१५६, कळते. ३.१४१६ ही किंमत तिच्यापेक्षा किंचित मोठी आहे; ती खऱ्या किमतीच्या पलीकडे किती गेली, हे आतल्या बहुभुजावरून ठरत नाही. त्यासाठी आर्किमिडीजने ९६ बाजूंसाठी केले तसे बाहेरचा बहुभुजही घ्यावा लागतो. त्याची बाजू १०० × टॅन ०.४६८७५°, म्हणजे ०.८१८१४१ असते आणि परिमिती ३१४.१६६ येते. पाय ३.१४१५६ आणि ३.१४१६६ यांच्यामध्ये अडकतो, ३.१४१६ याच पट्ट्यात बसते.

कोन लहान असला की साइन कोनापेक्षा जितकी कमी पडते, त्याच्या जवळपास दुप्पट टॅन जास्त भरते. त्यामुळे सरळ सरासरी वरच्या बाजूला झुकते. आतल्या परिमितीला दोन आणि बाहेरच्या परिमितीला एक भाग दिला, की दोन्ही चुका जवळजवळ पूर्ण कटतात. पुरेसे दशांश ठेवल्यास या ३८४ बाजूंवरूनच ३.१४१५९२७ मिळते. पाय ३.१४१५९२६५… असल्याने सात दशांशांपर्यंत ही किंमत अचूक आहे.