घरचं नेटवर्क, भाग ४ : प्लॅन सगळ्यात शेवटी

मागच्या भागात फायबरची तार घरात कुठे येते, ओएनटीचा डबा काय करतो आणि राउटरचं काम कुठून सुरू होतं हे पाहिलं. आता खर्चाकडे वळू. नेट स्लो चालतंय अशी ओरड झाली की घरोघरी दोनच उपाय सुचतात. एक, प्लॅन वाढवायचा. दोन, भरपूर अँटेनांचा नवा राउटर आणायचा. पहिल्याचं बिल दर महिन्याला फुगतं, दुसऱ्यात काही हजार एकदम जातात, आणि एवढं करूनही आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतोच. कारण दुखणं नेमकं कुठे आहे हे कुणी तपासलेलंच नसतं.

म्हणून आपण उलट्या टोकाने सुरुवात करू. आधी फुकटातले उपाय, मग शे-दीडशेचे, मग हजाराच्या आतले. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यानंतर त्याच जागी, त्याच लॅपटॉपवर पुन्हा मोजायचं. दोन बदल एकदम केले की कशाने गुण आला ते कळत नाही, आणि उगाच केलेला खर्चही उपयोगी वाटू लागतो.

उदाहरणासाठी डोंबिवलीतला एक दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. प्लॅन २०० एमबीपीएसचा. ओएनटी मुख्य दाराच्या वर ठोकलेला. तिथून एक छोटी केबल राउटरपर्यंत येते, आणि राउटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, टीव्हीच्या बरोबर मागे. घरातली मुलगी आतल्या बेडरूममध्ये लॅपटॉपवर ऑनलाइन क्लास करते. तक्रार तिचीच आहे.

मोजायच्या गोष्टी दोन. पहिली सगळ्यांना माहीत असते, ती म्हणजे स्पीड टेस्ट. ती रात्री नऊ-दहाच्या सुमारास, दर वेळी एकच सर्व्हर निवडून, तीनदा करायची आणि मधला आकडा वहीत लिहायचा. दुसरी गोष्ट फारसं कुणी पाहत नाही, पण निदान तीच करते: लॅपटॉपवरून आपल्याच राउटरला पिंग. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये असं टाइप करा.

```
ping -n 50 192.168.1.1
```

मॅकवर `-n` च्या जागी `-c` लिहायचं. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो विंडोजवर `ipconfig` दिल्यावर `Default Gateway` समोर दिसतो. हा पिंग घराबाहेर पडतच नाही. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत जातो आणि परत येतो. केबल लावलेली असेल तर उत्तर एका मिलिसेकंदात यायला हवं, चांगल्या वाय-फायवर दोन ते पाच मिलिसेकंदांत. इथेच आकडे शंभर, दोनशे, तीनशेवर उड्या मारत असतील, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. मग कंपनीशी भांडून काही हाती लागणार नाही.

या घरात बेडरूममधला स्पीड निघाला ९ एमबीपीएस. राउटरचा पिंग एरवी पाचच्या आसपास, पण मधूनच ३०० वर. मग लॅपटॉप राउटरजवळ नेला, केबल लावली आणि पुन्हा टेस्ट केली. स्पीड ९४. म्हणजे बाहेरून ९४ तर नक्की येत होते आणि त्यातले ९ बेडरूममध्ये पोचत होते. प्लॅन दोनशेचा असताना ९४ च का, हा प्रश्न आहेच. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

पहिला फुकटातला उपाय जागेचा. राउटर कप्प्यातून बाहेर काढला आणि टीव्ही युनिटच्या वर, माणसाच्या उंचीच्या आसपास ठेवला. टीव्हीच्या मागच्या बाजूला धातूचा पत्रा असतो. त्याच्या आड ठेवलेल्या राउटरचा त्या दिशेचा सिग्नल बराचसा अडतो. या घरात आणखी एक अडथळा होता. बेडरूमच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट, आणि राउटरपासून लॅपटॉपकडे जाणारी सरळ रेषा नेमकी त्यातून जात होती. कपाट हलवणं शक्य नव्हतं, म्हणून राउटरच युनिटच्या दुसऱ्या टोकाला सरकवला, जेणेकरून सिग्नलला दाराची वाट मिळेल. बेडरूममध्ये स्पीड २२. पिंगच्या उड्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

दुसरा फुकटातला उपाय चॅनलचा. डोंबिवलीसारख्या दाटीच्या वस्तीत रात्री वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटर ३ किंवा ८ वर बसला तर त्याला दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो. फोनवर वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारातलं एखादं अ‍ॅप टाकून तिघांपैकी सगळ्यात कमी गर्दीचा चॅनल पाहायचा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये तो पक्का करायचा. तिथेच चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करायची. कागदावरचा वरचा स्पीड याने कमी होतो आणि म्हणून लोक हे करायला कचरतात. पण गर्दीच्या इमारतीत रुंद चॅनल म्हणजे जास्त शेजाऱ्यांशी धक्काबुक्की. या घरात स्पीड २२ वरून २६ झाला, नाव घेण्यासारखा फरक नाही. पिंग मात्र पन्नासच्या पन्नास वेळा २० च्या आत आला. क्लास अडकायचा तो स्पीड कमी म्हणून कमी आणि या उड्यांमुळे जास्त. नुसती स्पीड टेस्ट पाहिली असती तर हा बदल वाया गेला असं वाटलं असतं.

तिसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं आणि लॅपटॉप आपल्या मनाने त्यातला एक निवडतो. तपासण्यापुरती दोन्हींना वेगळी नावं दिली. ५ गिगाहर्ट्झमध्ये गर्दी कमी असते आणि स्पीड जास्त मिळतो, पण भिंत पार करताना तो लवकर थकतो. हॉलमध्ये स्पीड थेट ९० झाला. बेडरूममध्ये दोन भिंतींपलीकडे ४१. खिशातून एक रुपया न जाता ९ चे ४१ झाले. पुष्कळ घरांत गोष्ट इथेच संपते, आणि संपू द्यावी.

आता त्या ९४ कडे. हा आकडा ओळखीचा करून ठेवा. केबलवर मोजलेला स्पीड ९३-९५ वर येऊन थांबला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड आहे; उरलेला थोडा भाग डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनात जातो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही, तरी जोडणी बंद पडत नाही. गुपचूप शंभरवर उतरते आणि चालू राहते, म्हणून लक्षातही येत नाही. इथे लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये `Link speed` समोर 1000/1000 दिसत होतं, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधली केबल ठीक. संशय उरला तो ओएनटीहून येणाऱ्या केबलवर. ती दाराच्या चौकटीत चेमटलेली होती. दीडशे रुपयांची नवी कॅट-६ केबल लावली आणि केबलवरचा स्पीड १९० च्या वर गेला. केबल बदलूनही ९४ च राहिले असते, तर ओएनटीचं किंवा राउटरचं पोर्टच शंभरचं आहे असं समजायचं.

पुन्हा मोजलं. हॉलमध्ये ९० चे १७० झाले. बेडरूममध्ये ४१ चे ४१. तिथे अडथळा भिंतींचा होता, केबलचा नव्हता, आणि आता ते आकड्यांतच दिसलं. उद्या प्लॅन पाचशेचा केला तरी बेडरूममध्ये हाच आकडा येणार. टाकी मोठी केली म्हणून अर्धवट बंद नळाची धार वाढत नाही.

यानंतर दुकानदार रिपीटर सुचवतो. माझा त्याला विरोध नाही, पण क्रमात तो मागे आहे. एकाच पट्ट्यावर चालणारा स्वस्त रिपीटर प्रत्येक पाकीट आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे त्याच्यातून मिळणारा स्पीड साधारण निम्मा होतो. त्यात लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात, म्हणजे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. जुना राउटर माळ्यावर पडला असेल तर त्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट करणं जास्त चांगलं. खर्च पंधरा-वीस मीटर केबल आणि दोन टोकांना क्लिपा मारून घेण्याचा. तीन-चारशे रुपयांत भागतं. केबल दाराच्या चौकटींवरून फिरवता येते, किंवा डिशच्या वायरसाठी पाडलेल्या जुन्या भोकातून नेता येते.

जुन्या राउटरमध्ये तीन बदल करायचे, शक्यतो याच क्रमाने. त्याचा पत्ता 192.168.1.2 करायचा, म्हणजे मुख्य राउटरशी टक्कर होणार नाही. त्याच्यातला `DHCP Server` बंद करायचा. आणि हॉलमधून आलेली केबल त्याच्या WAN पोर्टमध्ये न लावता LAN पोर्टमध्ये लावायची. दुसरा बदल राहून गेला तर फजिती होते: काही फोन छान चालतात, काहींवर वाय-फाय जोडलेलं दिसतं पण इंटरनेट नाही, आणि उद्या हेच फोन आपापसांत जागा बदलतात. अशा वेळी बिघडलेल्या लॅपटॉपवर `ipconfig` पाहा. `Default Gateway` समोर 192.168.1.2 दिसला तर जुना राउटरच पत्ते वाटत बसला आहे. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवावा, चॅनल मात्र वेगळा.

डोंबिवलीच्या घरातल्या जुन्या राउटरचे पोर्ट शंभरचेच होते. तरीही बेडरूममध्ये स्पीड ८८ आला, पिंग तीन-चार मिलिसेकंदांवर स्थिर. क्लासच्या कॉलला पाच एमबीपीएससुद्धा पुरतात आणि ४-के सिनेमाला साधारण २५ लागतात, तेव्हा इथे थांबायला हरकत नव्हती.

मेश संच आणि नवा वाय-फाय ६ राउटर यानंतर येतात. मेशच्या डब्यांमध्ये केबल टाकता येणार नसेल तर रिपीटरची अडचण थोड्याफार प्रमाणात तिथेही राहते. आणि वाय-फाय ६ चा खरा फायदा तुमचे फोन, लॅपटॉप त्या पिढीचे असतील तरच.

प्लॅन वाढवायचा तो एकाच परिस्थितीत: केबलवर मोजलेला स्पीड प्लॅनइतका पुरेपूर मिळतोय आणि घरच्यांचा वापर तो रोज भरून काढतोय. केबलवर सकाळी १९० आणि रात्री ६० येत असतील, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. तेव्हा चार-पाच रात्रींचे केबलवरचे आकडे, वेळ आणि सर्व्हरच्या नावासह लिहून तक्रारीला जोडावेत. वाय-फायवरचे आकडे दिले तर समोरचा माणूस राउटर बंद करून चालू करायला सांगेल आणि तक्रार तिथेच मिटवेल.